धनाग्र ऋण कसे असते?



मागच्या महिन्यात आपल्या मंडळातल्या एका बारावीच्या विद्यार्थिनीने मला व्हॉट्सॲपवर प्रश्न पाठवला. ती शिकते इंग्रजी माध्यमात, पण तिच्या आजोबांनी जपून ठेवलेलं दहावीचं मराठी विज्ञानाचं पुस्तक तिने सहज चाळलं होतं. त्यात ॲनोडला 'धनाग्र' आणि कॅथोडला 'ऋणाग्र' म्हटलेलं आहे. धन म्हणजे प्लस, ऋण म्हणजे मायनस. तिच्या बारावीच्या पुस्तकात मात्र जस्त-तांब्याच्या सेलमध्ये जस्ताची पट्टी ॲनोड आहे आणि तिच्यापुढे ठळक मायनसची खूण आहे. तिचा प्रश्न एका ओळीचा होता: "दादा, आजोबांचं पुस्तक चुकलंय की माझं?"

दोन्ही पुस्तकं आपापल्या जागी ठीक आहेत. पण हा गुंता नीट सुटला नाही, तर परीक्षेत चिन्हं उलटी पडतात आणि पुढे बॅटरी, प्लेटिंग, गंजणं हे सगळंच धूसर राहतं. म्हणून या वेळचं सदर याच एका सेलवर. शाळेत याला डॅनियल सेल म्हणतात. लंडनच्या किंग्ज कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या जॉन फ्रेडरिक डॅनियल यांनी १८३६ साली तो तयार केला.

आधी एकाच ग्लासात

सेल समजण्याआधी, सेल नसताना काय होतं ते पाहू. काचेच्या ग्लासात मोरचुदाचं निळं पाणी घ्या. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट, आपल्या सुरतेत दुकानात मोरथूथू म्हणून मागितलं की मिळतं. त्यात जस्ताची पट्टी बुडवा. मिनिटाभरात पट्टीवर काळपट-तपकिरी, भुसभुशीत थर चढायला लागतो. तासाभराने निळा रंग फिका पडतो आणि ग्लासला हात लावला तर तो किंचित कोमट लागतो.

तो भुसभुशीत थर म्हणजे तांबं. झालं असं, की जस्ताच्या प्रत्येक अणूने आपले दोन इलेक्ट्रॉन सोडले आणि तो आयन होऊन पाण्यात उतरला. पाण्यातल्या तांब्याच्या आयनाने ते दोन इलेक्ट्रॉन उचलले आणि तो धातू होऊन पट्टीवर बसला. जस्ताला इलेक्ट्रॉन सोडण्याची घाई जास्त, तांब्याच्या आयनाला घेण्याची ओढ जास्त. व्यवहार दोघांच्या मर्जीने झाला.

पण हा व्यवहार पट्टीच्या पृष्ठभागावर, हातोहात झाला. देणारा आणि घेणारा एकमेकांना चिकटून उभे होते. त्यामुळे सुटलेली ऊर्जा नुसती उष्णता होऊन ग्लासात विरली, आपल्या हाती काही लागलं नाही. डॅनियलच्या सेलमधली युक्ती एवढीच आहे: देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला वेगवेगळ्या ग्लासात बसवायचं. मग इलेक्ट्रॉनला जायचंच असेल तर बाहेरच्या तारेवाटे जावं लागेल, आणि त्या वाटेवर आपण आपला दिवा लावून बसू.

दोन ग्लास, दोन पट्ट्या

हा प्रयोग मी गेल्या दोन रविवारी घरी करून पाहिला, म्हणून मापांसकट सांगतो. गंमत म्हणजे लागणारी तिन्ही रसायनं खत-बियाण्याच्या दुकानात मिळतात. मोरचूद शेतकरी बोर्डो मिश्रणासाठी नेतात, झिंक सल्फेट जमिनीत जस्त कमी असेल तर टाकतात, आणि १३-००-४५ नावाचं पाण्यात विरघळणारं खत म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. शेती करणारे नातेवाईक असतील तर त्यांना हा आकडा पाठ असेल.

पहिल्या ग्लासात १०० मिलीलिटर द्रावणात २५ ग्रॅम मोरचूद. दुसऱ्यात तेवढ्याच द्रावणात सुमारे २९ ग्रॅम झिंक सल्फेट. ही मापं अशी घेतली, की दोन्ही ग्लासांत आयनांची संख्या जवळपास सारखी राहावी. रसायनशास्त्राच्या भाषेत दोन्ही द्रावणं एक मोलर. निळ्या ग्लासात तांब्याची पट्टी, बिनरंगी ग्लासात जस्ताची पट्टी. दोन्ही पट्ट्या आधी पॉलिश पेपरने घासून चकचकीत केलेल्या.

आता मल्टीमीटर व्होल्टवर लावला. लाल पिन तांब्याला, काळी जस्ताला. आकडा? शून्याच्या आसपास भरकटणारा. दोन धातू आहेत, दोन द्रावणं आहेत, तार आहे, तरी काही नाही. मग पोटॅशियम नायट्रेटच्या पाण्यात भिजवलेली सुती दोरी घेतली. तिचं एक टोक एका ग्लासात, दुसरं दुसऱ्यात सोडलं. मीटर लगेच १.०८ व्होल्टवर स्थिरावला. पुस्तकातला आकडा १.१० आहे. घरची पट्टी, घरचं पाणी धरलं तर दोन शतांशांचा फरक काहीच नाही.

ही दोरी म्हणजेच साल्ट ब्रिज, क्षारसेतू. तिच्याकडे वळण्याआधी दोन्ही पट्ट्यांवर काय चाललंय ते लिहून ठेवू.

जस्ताच्या पट्टीवर:

Zn → Zn²⁺ + 2e⁻

इथे इलेक्ट्रॉन सुटतात. याला ऑक्सिडीकरण म्हणतात. ज्या पट्टीवर ऑक्सिडीकरण होतं ती ॲनोड.

तांब्याच्या पट्टीवर:

Cu²⁺ + 2e⁻ → Cu

इथे इलेक्ट्रॉन घेतले जातात. याला क्षपण म्हणतात. ज्या पट्टीवर क्षपण होतं ती कॅथोड.

या दोन व्याख्यांमध्ये प्लस-मायनसचा उल्लेखही नाही, हे लक्षात ठेवा. खूण नंतर येते, आणि ती का येते हे पाहू.

मग जस्त मायनस का?

जस्ताची पट्टी इलेक्ट्रॉन सोडते, पण ते सोडलेले इलेक्ट्रॉन पाण्यात जात नाहीत. इलेक्ट्रॉन पाण्यात पोहत नसतात. ते पट्टीतच राहतात. आयन मात्र पाण्यात निघून गेले. म्हणजे पट्टीवर इलेक्ट्रॉनची गर्दी झाली, आणि इलेक्ट्रॉन ऋण असल्यामुळे पट्टी ऋण झाली. तिकडे तांब्याच्या पट्टीवरून द्रावणातले आयन इलेक्ट्रॉन ओढून घेताहेत, म्हणून तिथे इलेक्ट्रॉनचा तुटवडा, आणि पट्टी धन. तार जोडली की इलेक्ट्रॉन गर्दीकडून तुटवड्याकडे, म्हणजे जस्ताकडून तांब्याकडे धावतात. आपण वीजप्रवाहाची दिशा जुन्या रिवाजाप्रमाणे इलेक्ट्रॉनच्या उलट मानतो, म्हणून पुस्तकातला बाण बाहेरच्या तारेत तांब्याकडून जस्ताकडे दाखवलेला असतो.

म्हणजे या सेलमध्ये ॲनोड ऋण आणि कॅथोड धन. मग आजोबांच्या पुस्तकात ॲनोडला धनाग्र का म्हटलं?

याचं उत्तर आपल्या सुरतेतल्या जरीच्या कारखान्यात सापडतं. जरीसाठी तांब्याच्या बारीक तारेवर चांदीचा मुलामा देतात. चांदीच्या क्षारांच्या द्रावणात एक चांदीचा पत्रा आणि मुलामा द्यायची तांब्याची तार असते. बाहेरून वीज देणारा सप्लाय जोडलेला असतो. चांदीचा पत्रा सप्लायच्या प्लसला, तार मायनसला. सप्लाय जबरदस्तीने पत्र्यातून इलेक्ट्रॉन ओढून काढतो, पत्र्याची चांदी आयन होऊन द्रावणात उतरते. इलेक्ट्रॉन सुटले, म्हणजे ऑक्सिडीकरण, म्हणून पत्रा ॲनोड. आणि तो प्लसला जोडलेला आहे, म्हणून इथे ॲनोड धन. तारेवर चांदी बसते, क्षपण होतं, ती कॅथोड, आणि ती ऋण.

शाळेत विद्युत अपघटन आधी शिकवतात. तिथे बाहेरून वीज देऊन रासायनिक क्रिया घडवायची असते, आणि तिथे ॲनोड नेहमीच धन असतो. 'धनाग्र' हा शब्द त्या प्रकरणात चपखल बसतो. डॅनियल सेलमध्ये मात्र क्रिया आपणहून घडते आणि वीज बाहेर देते. व्यवहार उलटला की चिन्ह उलटतं. ऑक्सिडीकरण कुठे होतं हे मात्र उलटत नाही: तो ॲनोडच.

हे मूळ शब्द मायकल फॅराडे यांनी १८३४ साली वापरात आणले. ग्रीकमध्ये ॲनोड म्हणजे वर जाणारी वाट आणि कॅथोड म्हणजे खाली उतरणारी वाट. त्यात धन नाही, ऋण नाही, नुसती वाट आहे. मराठीत आणताना आपण वाटेऐवजी चिन्ह उचललं आणि तिथे गुंता झाला. म्हणून माझा सल्ला असा, की गॅल्व्हानिक सेलच्या प्रकरणात 'धनाग्र' हा शब्द बाजूला ठेवा आणि सरळ ॲनोड म्हणा. परीक्षेत आधी विचारा, "इलेक्ट्रॉन कुठे सुटताहेत?" तो ॲनोड. मग विचारा, "सेल वीज देतोय की घेतोय?" देत असेल तर ॲनोड मायनस, घेत असेल तर प्लस. या क्रमाने गेलं की पाठांतर लागत नाही.

दोरीचं काम

आता क्षारसेतू. दोरी नसताना मीटर शून्यावर का होता, हे मला या प्रयोगातलं सगळ्यात रोचक वाटतं. बऱ्याच मुलांच्या डोक्यात असतं, की इलेक्ट्रॉन तारेतून तांब्याकडे जातात आणि दोरीतून परत येतात. तसं नाही. दोरीतून एकही इलेक्ट्रॉन जात नाही.

दोरी नाही असं धरा आणि तार जोडा. काही जस्त आयन होऊन बिनरंगी ग्लासात उतरलं, त्याचे इलेक्ट्रॉन तारेतून निघून गेले. आता त्या ग्लासातल्या पाण्यात धन आयन जास्त झाले. तिकडे निळ्या ग्लासात तांब्याचे धन आयन पट्टीवर बसून संपले, आणि त्यांच्या जोडीचे सल्फेटचे ऋण आयन एकटे उरले. म्हणजे एक ग्लास धन, दुसरा ऋण. धन झालेला ग्लास ऋण इलेक्ट्रॉनना बाहेर सोडायला तयार होत नाही, आणि ऋण झालेला ग्लास आणखी इलेक्ट्रॉन आत घेत नाही. काम ठप्प.

किती वेळात ठप्प? मी इंजिनीअर असल्यामुळे मला हे दोन ग्लास कपॅसिटरसारखे दिसतात. शेजारी ठेवलेल्या दोन ग्लासांची धारकता काही पिकोफॅरडच असणार. दहा पिकोफॅरड धरली, तर १.१ व्होल्ट चढायला एक मिलिअँपिअरचा प्रवाह सेकंदाचा साधारण दहा कोटीवा भाग वाहिला तरी पुरे. म्हणजे दोरीशिवाय सेल सुरू होण्याआधीच बंद पडतो. मीटरला तो प्रवाह दिसणंही शक्य नाही.

दोरी हा हिशेब बरोबर ठेवते. तिच्यात पोटॅशियमचे धन आयन आणि नायट्रेटचे ऋण आयन भरलेले आहेत. जस्ताच्या ग्लासात धन आयन वाढले, की दोरीतून नायट्रेट तिकडे उतरतात. तांब्याच्या ग्लासात धन आयन कमी झाले, की दोरीतून पोटॅशियम तिकडे जातात. दोन्ही ग्लास सतत समतोल राहतात, आणि तारेतून इलेक्ट्रॉन वाहत राहतात. एक सोपी खूण: ॲनायन, म्हणजे ऋण आयन, ॲनोडकडे. कॅटायन, म्हणजे धन आयन, कॅथोडकडे. नावातच पत्ता लिहिलेला आहे.

मग कोणताही क्षार चालेल का? या सेलसाठी घरातलं साधं मीठ चालतं, मी करून पाहिलं. पण खाण्याचा सोडा किंवा धुण्याचा सोडा वापरू नका. त्यांच्यातले कार्बोनेट आयन तांब्याबरोबर आणि जस्ताबरोबर न विरघळणारा गाळ करतात आणि दोरीच्या टोकाशी तो साचून वाट बंद होते. चांदीचा क्षार असलेल्या सेलमध्ये मीठही चालत नाही, कारण क्लोराइड आणि चांदी मिळून पांढरा साका बसतो. पोटॅशियम नायट्रेट चांगलं म्हणण्याचं कारण असं, की ते दोन्ही ग्लासांशी भांडत नाही, आणि त्याचे दोन्ही आयन पाण्यात साधारण सारख्याच वेगाने चालतात.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत दोरीऐवजी यू आकाराची नळी असते. तिच्यात आगर नावाच्या समुद्री शेवाळाच्या अर्काची जेली भरतात. घरात हेच आगर चायना ग्रास म्हणून असतं. शंभर मिलीलिटर पाण्यात तीन ग्रॅम चायना ग्रास उकळून त्यात दहा ग्रॅम पोटॅशियम नायट्रेट विरघळवलं आणि पारदर्शक प्लास्टिकच्या नळीत ओतून थंड केलं, की सेतू तयार. जेलीमुळे द्रावणं एकमेकांत मिसळत नाहीत, आयन मात्र हलू शकतात. फक्त नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर तिथेच वाट तुटते आणि मीटर पुन्हा भरकटतो. असं झालं तर आधी बुडबुडा शोधा.

व्होल्ट आहेत, पण अँपिअर?

१.०८ व्होल्ट दिसले म्हणून मी लगेच शंभर ओहमचा रेझिस्टर जोडला. तपकिरी, काळा, तपकिरी पट्ट्यांचा तो साधा रेझिस्टर. दोन्ही पट्ट्यांमधलं व्होल्टेज धप्पकन खाली आलं: ०.१० व्होल्ट. म्हणजे प्रवाह ०.१० भागिले १००, एक मिलिअँपिअर.

उरलेले ०.९८ व्होल्ट गेले कुठे? ते सेलच्या आतच खर्च झाले. एक मिलिअँपिअरला ०.९८ व्होल्ट, म्हणजे आतला रोध सुमारे ९८० ओहम. ही सगळी अडचण त्या दोरीची. आयनांना बारीक, लांब, ओल्या धाग्यातून वाट काढावी लागते. रिकाम्या रस्त्याने चौपाटीला जाणं आणि रविवारी संध्याकाळी डुमसला जाणं यात जो फरक, तोच इथे.

डॅनियललाही हाच प्रश्न होता. त्याने दोन द्रावणांमध्ये बैलाच्या अन्ननलिकेचा पडदा वापरला, आणि पुढे दोनच वर्षांत सच्छिद्र मातीचं भांडं वापरात आलं. मातीचं भांडं म्हटल्यावर मला चहाचा कुल्हड आठवला. बिनचकाकीचा कुल्हड रात्रभर पोटॅशियम नायट्रेटच्या पाण्यात भिजवला. मग त्यात झिंक सल्फेट आणि जस्ताची पट्टी घातली आणि तो मोरचुदाच्या मोठ्या भांड्यात ठेवला. बाहेर तांब्याचा पत्रा गोल वळवून. आता वेगळी दोरी नाही. कुल्हडची सगळी भिंतच सेतू.

रेझिस्टर न जोडता आकडा तोच, १.०८. रेझिस्टर जोडल्यावर ०.९० व्होल्ट. प्रवाह नऊ मिलिअँपिअर, आतला रोध फक्त वीस ओहम. धातू तेच, द्रावणं तीच, व्होल्टेज तेच. फक्त सेतू रुंद आणि आखूड झाला आणि प्रवाह नऊपट झाला. यातून एक गोष्ट पक्की समजते: व्होल्टेज कोणते दोन धातू आहेत यावर ठरतं, आणि किती प्रवाह मिळेल हे आयनांची वाट किती मोकळी आहे यावर.

लाल एलईडी लावायला १.८ व्होल्टच्या आसपास लागतात, म्हणून एका सेलवर तो लागत नाही. दोन सेल एकामागे एक जोडायचे: पहिल्याचं तांबं दुसऱ्याच्या जस्ताला. दोरीच्या दोन सेलवर एलईडी अंधारात जेमतेम दिसला. कुल्हडच्या दोन सेलवर चांगला लागला.

एकोणिसाव्या शतकात तारायंत्रं याच कुळातल्या सेलवर चालत. भारतातल्या तारखात्यात मिनोट्टो नावाचा प्रकार बराच वापरात होता. त्यात तळाशी तांबं आणि मोरचुदाचे खडे, मध्ये ओल्या वाळूचा थर आणि वर जस्त. तिथे सेतूचं काम वाळू करायची.

जस्त किती झिजलं?

सेल चालतो म्हणजे जस्त खर्च होतं. किती? नऊ मिलिअँपिअर एक तास वाहिला, तर ३२.४ कुलोम विद्युतभार गेला. जस्ताचा एक मोल, म्हणजे ६५.४ ग्रॅम, दोन मोल इलेक्ट्रॉन देतो, आणि एक मोल इलेक्ट्रॉन म्हणजे ९६,४८५ कुलोम. हिशेब केला की तासाला जस्त झिजतं ११ मिलिग्रॅम, आणि तांबं बसतं १०.७ मिलिग्रॅम.

स्वयंपाकघरातल्या काट्यावर हे दिसणार नाही. पण आपण हिऱ्यांच्या गावात राहतो. एक कॅरेट म्हणजे २०० मिलिग्रॅम आणि एक सेंट म्हणजे दोन मिलिग्रॅम. महिधरपुऱ्यातल्या कोणत्याही हिरे व्यापाऱ्याच्या काट्याला सेंट सहज कळतो. तर आपला कुल्हड सेल तासाला साडेपाच सेंट जस्त खातो. दहा तासांत अर्ध्या कॅरेटपेक्षा जास्त. कोणाच्या घरी तो काटा असेल तर पट्टी आधी आणि नंतर धुऊन, पूर्ण वाळवून तोला. जस्ताची घट हिशेबापेक्षा थोडी जास्तच भरेल. बाजारातल्या जस्तात इतर धातूंची भेसळ असते, आणि त्या कणांशी जस्ताचे छोटे छोटे सेल पट्टीवरच तयार होतात. ते जस्त झिजवतात पण आपल्या तारेत काही पाठवत नाहीत.

जस्ताची पट्टी काळी पडायला लागली तर समजा की सेतू गळतोय. निळं द्रावण जस्ताच्या ग्लासात पोचलं आणि पट्टीवर थेट तांबं बसू लागलं, म्हणजे आपण पुन्हा पहिल्या, एकाच ग्लासाच्या प्रयोगावर आलो. अशी पट्टी घासून स्वच्छ करा आणि सेतू बदला.

आणि सेल संपत आला हे व्होल्टमीटरवरून ओळखू नका. निळ्या ग्लासातलं तांबं हजारात एक भाग उरलं, तरी हिशेबाने व्होल्टेज १.१० वरून फक्त १.०० वर येतं. खरी खूण डोळ्यांना दिसते: निळा रंग पार उडालेला असतो.

करून पाहताना

मोरचूद विषारी आहे. स्वयंपाकाची भांडी वापरू नका, वापरलेला कुल्हड चहाला घेऊ नका, हातमोजे घाला आणि घरातलं मोठं माणूस सोबत असू द्या. जस्ताची पट्टी शाळेचं प्रयोगसाहित्य मिळतं तिथून घ्या. त्यासाठी जुने सेल फोडू नका. उरलेलं निळं पाणी मोरीत ओतू नका, कारण तांबं माशांना फार थोड्या प्रमाणातही घातक असतं आणि आपली मोरी शेवटी तापीकडेच जाते. बाटलीत भरून, नाव लिहून ठेवा. पुढच्या वर्षी धाकट्या भावंडाला उपयोगी पडेल.

शेवटी, घरात न मागता तयार होणाऱ्या एका सेलबद्दल. बाथरूममध्ये जुना जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप असतो, प्लंबर त्याला थेट पितळी किंवा तांब्याचा तुकडा जोडतो, आणि आतून पाणी वाहतं. दोन धातू आहेत, ते एकमेकांना टेकलेले आहेत म्हणजे तार आहे, आणि क्षार असलेलं पाणी दोघांना शिवतंय. जस्त ॲनोड होतं आणि झिजतं. ते संपलं की पाळी लोखंडाची, तेही तांब्यापुढे ॲनोडच. कालांतराने गळती नेमकी त्या जोडाशेजारी, लोखंडाच्या बाजूला सुरू होते. बोअरच्या खाऱ्या पाण्यावर आणखी लवकर. उपाय म्हणजे दोन धातूंच्या मध्ये प्लास्टिकचा जोड घालून ती 'तार' तोडणं. पुढच्या वेळी प्लंबर आला, की जोडाजवळ उभं राहून एवढंच विचारा: इथे इलेक्ट्रॉन कोण सोडणार? जो सोडेल तो पाइप आधी जाणार.